बॅटरी बदलून घ्यावी की घरी भरावी?

२७ नोव्हेंबर २०२४ रोजी बंगळुरूत होंडाने एकाच कार्यक्रमात दोन इलेक्ट्रिक स्कूटर दाखवल्या. एकीचं नाव ॲक्टिव्हा ई आणि दुसरीचं क्यूसी-१. ॲक्टिव्हा ई-च्या सीटखाली दीड-दीड युनिटांच्या दोन बॅटऱ्या बसतात. त्या घरी चार्ज करता येत नाहीत. कंपनीच्या स्वॅपिंग स्टेशनवर जायचं, संपलेल्या बॅटऱ्या द्यायच्या आणि भरलेल्या घ्यायच्या. क्यूसी-१ मध्ये दीड युनिटाची एकच बॅटरी आहे आणि ती गाडीतून निघत नाही. चार्जरची वायर लावायची, सुमारे सात तासांत ती पूर्ण भरते. दुचाकीच्या धंद्यात इतकी वर्षं मुरलेल्या कंपनीलाही दोन्ही वाटांवर एकेक पाय ठेवावासा वाटला, यावरून हा प्रश्न अजून किती उघडा आहे ते कळतं.

गाडी घेणाऱ्याला मात्र एकच वाट निवडायची असते. शोरूममध्ये ही निवड सहसा वेळेच्या भाषेत मांडली जाते. घरी चार-सहा तास लागतात, स्टेशनवर दोन मिनिटं. हे खरं आहे, पण अपुरं आहे. घरची गाडी भरत असताना मालक झोपलेला असतो, त्यामुळे ते सहा तास त्याच्या खात्यातून जातच नाहीत. स्टेशनवरची दोन मिनिटं मात्र तिथवर जाण्या-येण्याच्या वेळेसकट मोजावी लागतात. खरा फरक पैशात आहे, आणि बॅटरी म्हातारी झाली की भुर्दंड कोणाच्या माथी यात आहे.

आधी स्टेशनवर नेमकं काय घडतं ते पाहू. पेट्रोल पंपाच्या किंवा मेट्रो स्थानकाच्या कोपऱ्यात कपाटासारखं एक यंत्र उभं असतं. ग्राहकाची ओळख पटली की त्यातला एक रिकामा कप्पा खुला होतो. वापरलेली बॅटरी आत सरकवली की यंत्र तिचा क्रमांक, तापमान आणि उरलेला चार्ज वाचतं. सगळं ठीक असेल तर भरलेल्या बॅटरीचा कप्पा उघडतो. ॲक्टिव्हा ई-ची एक बॅटरी सुमारे दहा किलोंची आहे, आणि दोन्ही बदलायच्या म्हणजे दोन काढायच्या आणि दोन बसवायच्या. धडधाकट माणसाला यात काही वाटत नाही. पाठीचं दुखणं असलेल्या माणसाने मात्र गाडी घेण्याआधी शोरूममध्ये ती बॅटरी सीटखालून एकदा स्वतः उचलून पाहावी.

आता हिशेब. ॲक्टिव्हा ई बाजारात आली तेव्हा तिची शोरूम किंमत एक लाख १७ हजार होती, आणि बॅटरी भाड्याच्या दोन योजना जाहीर झाल्या होत्या. पहिलीत महिन्याला १,९९९ रुपयांत ३५ युनिट वीज आणि दुसरीत ३,५९९ रुपयांत ८७ युनिट. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, पण बॅटरी बदलून देणं ही सेवा धरली जाते आणि तिथे दर १८ टक्के लागतो. ही तफावत ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. या योजना आणि दर बदलत असतात, तेव्हा गाडी घेताना चालू आकडे विचारून घ्यावेत. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

समजा, ठाण्यातला एक नोकरदार रोज सुमारे ३५ किलोमीटर गाडी चालवतो. कंपन्या सांगतात ती रेंज सोडून द्यावी आणि रस्त्यावर एका युनिटात ३० किलोमीटर धरावेत. मग त्याचे महिन्याचे १,०५० किलोमीटर बरोबर ३५ युनिटांत बसतात. जीएसटीसह त्याचं बिल होतं २,३५९ रुपये, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन रुपये. १०४ रुपयांच्या लिटरभर पेट्रोलवर ४५ किलोमीटर जाणारी साधी स्कूटरही किलोमीटरला तेवढेच घेते. ज्याने इंधनाचा खर्च वाचवायला इलेक्ट्रिक गाडी घेतली, त्याचं या योजनेत इंधनावर काहीच वाचलं नाही.

तोच माणूस घरी चार्ज करत असता तर? बॅटरीत ३५ युनिट जायला भिंतीतून चाळीसेक घ्यावी लागतात, कारण चार्जरमध्ये आणि बॅटरीत थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. शंभर युनिटांच्या वर वापर असलेल्या घराला सगळे आकार धरून युनिट बारा रुपयांना पडतं असं मानलं, तर महिन्याचे ४८० रुपये झाले. किलोमीटरला ४६ पैसे.

पण एवढ्यावर थांबणं स्वॅपिंगवर अन्याय करणारं आहे. भाड्यात बॅटरीची झीज धरलेली असते, घरच्या वीजबिलात ती नसते. तीन युनिटांची नवी बॅटरी साठ हजारांना मिळेल आणि सहा वर्षं टिकेल असं धरलं, तर दर महिन्याला ८३३ रुपये बॅटरीच्या नावाने बाजूला ठेवायला हवेत. मग घरचा महिना पडतो १,३१३ रुपयांना. तरीही स्वॅपिंगपेक्षा तो हजाराहून अधिक रुपयांनी स्वस्तच आहे. आणि ज्याची गाडी रोज दहा-बारा किलोमीटरच फिरते त्याची गोष्ट तर वेगळीच. त्याचं वीजबिल दोनशेच्या आत राहील, तर भाडं ठरल्याप्रमाणे भरावंच लागेल, मग गाडी चालो वा पावसाळाभर जिन्याखाली उभी राहो.

स्वॅपिंगच्या बाजूने एक नेहमीचा युक्तिवाद असतो: बॅटरी विकत घ्यायची नसल्यामुळे गाडी स्वस्त मिळते. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारने बॅटरीविना दुचाकी विकायला आणि नोंदवायला मुभा दिली ती याच विचाराने. तत्त्व बरोबर आहे, पण किमतीची पाटी पाहिल्याशिवाय ते मानू नये. जून २०२४ मध्ये बजाजने चेतक २९०१ आणली तेव्हा जवळपास तीन युनिटांच्या बॅटरीसकट तिची शोरूम किंमत सुमारे ९६ हजार होती. ॲक्टिव्हा ई-ची एक लाख १७ हजारांची पाटी बॅटरी न देता लागली होती. दोन गाड्यांची बांधणी आणि सोयी वेगळ्या आहेत हे मान्य. तरीही बॅटरी वगळली म्हणून किंमत आपोआप खाली येते हे गृहीत धरायचं कारण नाही.

इथे एक गोंधळ मिटवायला हवा. बॅटरी भाड्याने घेणं आणि स्वॅपिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हीरोच्या विडा व्हीएक्स-२ सारख्या गाड्यांत बॅटरीचे पैसे किलोमीटरप्रमाणे हप्त्याने देता येतात, पण बॅटरी गाडीसोबतच राहते आणि घरी चार्ज होते. शोरूममधला माणूस दोन्हींना एकच इंग्रजी नाव देतो. तेव्हा त्याला सरळ विचारावं, ‘ही घरच्या प्लगवर भरता येते का?’

मग स्वॅपिंग कोणासाठी? याचं उत्तर मुंबई-बंगळुरूच्या रस्त्यांवर रोज दिसतं. घरपोच जेवण आणि किराणा पोचवणाऱ्या मुलांच्या हातात युलूच्या छोट्या गाड्या असतात आणि त्यांच्या बॅटऱ्या युमाच्या स्टेशनांवर बदलल्या जातात. ही मुलं दिवसभर गाडीवर असतात. त्यातली कितीतरी भाड्याच्या खोलीत चार-सहा जण मिळून राहतात, जिथे गाडीपर्यंत पोचणारा प्लगच नसतो.

अशा मुलाचा हिशेब वरच्या मोठ्या योजनेवर मांडून पाहू. महिन्यात २६ दिवस, रोज शंभर किलोमीटर, म्हणजे २,६०० किलोमीटर आणि ८७ युनिट. भाडं जीएसटीसह ४,२४७ रुपये. घरी भरल्यास भिंतीतली शंभरेक युनिट, म्हणजे बाराशे रुपये. फरक तीन हजारांचा दिसतो. पण एवढ्या धावण्याने बॅटरी सहा वर्षं टिकणार नाही. तीन वर्षांत ती सुमारे ९४ हजार किलोमीटर धावेल, म्हणजे हजाराहून अधिक वेळा पूर्ण रिकामी होऊन भरेल. साठ हजारांची बॅटरी तीन वर्षांत संपली तर महिन्याला १,६६७ रुपये झिजेचे. आता फरक उरतो जेमतेम १,३८० रुपयांचा, म्हणजे कामाच्या दिवसाला ५३ रुपये.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. एका चार्जवर गाडी नव्वद किलोमीटर जाते, त्याला शंभर हवेत. दुपारी कुठेतरी तासभर गाडी प्लगला लावावी लागली आणि तेवढ्यात दोन ऑर्डर हुकल्या, तर ते ५३ रुपये तिथेच गेले. या मुलासाठी स्टेशनवरची दोन मिनिटं खरोखर पैशाची आहेत. ठाण्याच्या नोकरदाराला ती फक्त सोयीची होती.

बॅटरीच्या आयुष्याबद्दल बरेच समज आहेत. लिथियम-आयन सेलमध्ये वापर नसतानाही एक संथ रासायनिक क्रिया चालू असते. ग्राफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर जमत जातो आणि तो थर लिथियम धरून ठेवतो. जितकं लिथियम अडकलं तितकी क्षमता कायमची कमी झाली. ही क्रिया दोन गोष्टींनी वेगावते. एक उष्णता, दुसरी काठोकाठ भरलेली अवस्था. दोन्ही एकत्र आल्या तर जास्तच. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली शंभर टक्के भरून आठ दिवस उभी राहिलेली गाडी न धावताही झिजते.

स्वॅपिंगमध्ये बॅटरीची मालक कंपनी असते, त्यामुळे ती जपण्यात कंपनीचाच स्वार्थ आहे. चांगली यंत्रणा गरम बॅटरी आत आल्यावर लगेच चार्ज सुरू करत नाही, ती निवू देते, आणि कप्प्यात शिरलेल्या प्रत्येक बॅटरीची तब्येत नोंदते. ढासळलेली बॅटरी रस्त्यावरून काढून घेतली जाते. घरी एवढी देखरेख कोणी करत नाही. पण स्टेशनवर एक दडपणही असतं. संध्याकाळी रांग लागली की निवण्याची उसंत मिळत नाही, बॅटरी लवकर भरून बाहेर पाठवावी लागते, आणि एकेक बॅटरी दिवसात दोन-तीनदा हातातून हातात फिरते. तिला विश्रांती नसते. म्हणून स्टेशनवरची बॅटरी घरच्यापेक्षा जास्त टिकते असं सरसकट म्हणता येत नाही. झिजेचा खर्च तुमच्यावर थेट पडत नाही, एवढंच म्हणता येतं. तो भाड्यात आधीच मिसळलेला असतो.

ग्राहकाच्या वाट्याला येतो तो वेगळाच त्रास. आज मिळालेली बॅटरी नवी, उद्याची दोन वर्षं घासलेली, आणि दोन्हींवर आकडा शंभर टक्क्यांचाच. जुनीचे शंभर टक्के नवीच्या ऐंशीएवढे असू शकतात. म्हणून भाडं युनिटांवर आहे की बदलण्याच्या संख्येवर, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. युनिटांवर असेल तर दमलेल्या बॅटरीने पैसे बुडत नाहीत, फक्त स्टेशनची वारी लवकर करावी लागते. दर बदलामागे ठरावीक पैसे असतील तर जुनी बॅटरी थेट खिशाला लागते.

घरी भरणाऱ्याने तीन सवयी लावून घेतल्या तर स्टेशनच्या देखरेखीचा बराचसा फायदा त्याला फुकट मिळतो. उन्हातून आल्या आल्या वायर लावू नये, तासभर थांबावं. बहुतेक सेल शून्य ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यानच चार्ज करायचे असतात, आणि उन्हाळ्यात धावून आलेली बॅटरी त्या वरच्या टोकाला सहज पोचते. रोजच्या वापराला ऐंशी-नव्वद टक्के पुरत असतील तर तिथेच थांबवावं. बॅटरी एलएफपी प्रकारची असेल तर मात्र ती अधूनमधून पूर्ण भरावी, नाहीतर टक्क्यांचा आकडा चुकू लागतो. आणि गावी जाताना गाडी रिकामी ठेवून जाऊ नये, निम्मी भरून ठेवावी.

बॅटरी खरंच झिजली का, हे स्वतः तपासता येतं. नव्वद टक्क्यांवर ट्रिप मीटर शून्य करावा, नेहमीच्या रस्त्याने नेहमीच्या वेगाने चालवत वीस टक्क्यांवर आणावा, आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तसंच करावं. आकडा हळूहळू पाच-सात टक्क्यांनी उतरला तर ते वयाचं लक्षण. पंचवीस टक्क्यांवरून एकदम पाचवर घसरला, किंवा चढावर गाडी अचानक मंदावली, तर बॅटरीतले काही सेल बाकीच्यांच्या मागे पडले असण्याची शक्यता असते. ही तक्रार वॉरंटीत बसते, पण ती मुदतीच्या आत नोंदवायला हवी. एथरसारख्या कंपनीने जास्तीचे पैसे घेऊन आठ वर्षं किंवा ८० हजार किलोमीटरपर्यंत सत्तर टक्के क्षमतेची हमी देऊ केली आहे. अशा हमीमुळे ‘बॅटरी गेली तर काय’ ही भीती, म्हणजे स्वॅपिंगचा सर्वांत भरवशाचा मुद्दा, बराच कमजोर पडतो.

स्टेशनांच्या जाळ्याचं गणितही पाहण्यासारखं आहे. समजा, एका कपाटात आठ भरलेल्या बॅटऱ्या आहेत आणि रिकामी बॅटरी भरायला तीन तास लागतात. गाडीला दोन लागत असल्याने चार गाड्या येऊन गेल्या की कपाट आटलं. पाचव्याला थांबावं लागेल, किंवा साठ-सत्तर टक्क्यांवरची बॅटरी घेऊन निघावं लागेल. दिवसभर अखंड चाललं तरी अशा एका कपाटातून तीसेक गाड्यांचीच सोय होते, आणि गाड्या काही दिवसभर सारख्या येत नाहीत, त्या सकाळ-संध्याकाळी एकदम येतात. म्हणून स्टेशनं दाट हवीत, आणि रस्त्यावर धावणाऱ्या बॅटऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त बॅटऱ्या कपाटांत राखीव हव्यात. भाडं महाग असण्याचं एक मोठं कारण हेच आहे.

तैवानने हे करून दाखवलं. तिथल्या गोगोरो कंपनीने २०१५ पासून पाच लाखांहून अधिक स्कूटर रस्त्यावर आणल्या आणि सुमारे अडीच हजार ठिकाणी स्टेशनं उभारली. तिथल्या इतर दुचाकी कंपन्यांनीही याच बॅटरीवर आपल्या गाड्या बांधल्या. पण तैवान महाराष्ट्राच्या आठव्या हिश्श्यापेक्षाही लहान आहे, लोकवस्ती दाट आहे, आणि बॅटरीचा आकार जवळपास एकच आहे. आपल्याकडे नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये स्वॅपिंग धोरणाचा मसुदा काढला. त्यात बॅटऱ्या एकमेकांशी जुळाव्यात असा आग्रह होता. तरीही एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या गाडीत बसत नाही. परिणाम असा की स्वॅपिंगची गाडी घेणारा त्या कंपनीच्या जाळ्याच्या हद्दीत बांधला जातो. मुंबईत ती मजेत चालेल. गणपतीला ती घेऊन सावंतवाडीला जायचा विचारही करता येणार नाही, कारण वाटेत स्टेशन नाही आणि गावच्या घरात प्लग असला तरी तो उपयोगाचा नाही. गाडी पुढे विकायची झाली तर घेणाराही त्याच हद्दीतला शोधावा लागेल.

घरच्या चार्जिंगची अडचण बहुतेक वेळा विजेची नसते, जागेची असते. साधारण सातशे वॉटचा चार्जर तीन अँपिअर वीज ओढतो. गिझर याच्या तिप्पट ओढतो. त्यामुळे ‘सोसायटीवर लोड येईल’ ही हरकत एक-दोन स्कूटरच्या बाबतीत टिकत नाही. पण प्लग चांगला घट्ट हवा, अर्थिंग खरोखर जोडलेलं हवं, आणि खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर रात्रभर गाडी लावू नये. सैल प्लगमध्ये ठिणगी पडते आणि तो तापतो. हात लावून प्लग कोमटापेक्षा जास्त गरम वाटला तर वापर थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

काढता येणारी बॅटरी वर घरात नेऊन भरणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्यानंतरच्या काळात सुरक्षेचे नियम कडक झाले हे खरं, पण बॅटरी झोपण्याच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या दाराजवळ कधीही लावू नये. ओटा किंवा गॅलरी, आसपास कपडे-पडदे नाहीत अशी जागा, आणि कंपनीनेच दिलेला चार्जर. बॅटरी फुगलेली दिसली, गोडसर रसायनाचा वास आला किंवा ती पाण्यात बुडाली असेल तर पुन्हा चार्जिंगला लावून पाहायची नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या घरच्या मीटरवरून वायर आणता आली तर उत्तम, कारण मग बिलाचा वाद उरत नाही. ते शक्य नसेल तर सामाईक मीटरवर एक सब-मीटर लावून घ्यावा आणि दर महिन्याला त्याच्या आकड्याचा फोटो काढून सचिवांना पाठवावा. ठाण्याच्या त्या नोकरदाराच्या सब-मीटरवर महिन्याला चाळीसेक युनिट दिसतील. वार्षिक सभेत सगळ्यांपुढे ठेवायला आणि सामाईक विजेचा वाद मिटवायला तो आकडा पुरेसा आहे.